पातळ × घट्ट चूक, पातळ × जाड बरोबर: हे कसं काय?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी चौथीत आहे. परवा मराठीच्या चाचणीची वही घरी आली. विरुद्धार्थी शब्द लिहा, असा प्रश्न होता. एका ओळीत फक्त "पातळ × ______" एवढंच छापलेलं. पोरीनं "घट्ट" लिहिलं. त्यावर लाल फुली, आणि शेजारी बाईंनी लिहिलेलं बरोबर उत्तर: "जाड".

गुण अर्धाच गेलाय, त्याचं काही नाही. पण पोरगी दोन दिवस माझ्या मागं लागलीय. तिचं म्हणणं असं की आजी रोज म्हणते, "आज आमटी पातळ झाली, उद्या जरा घट्ट कर." म्हणजे पातळच्या उलट घट्टच की. मी तिला म्हटलं, बाईंनी जाड सांगितलंय ना, मग जाड. तर तिनं विचारलं, "मग बाबा, आमटी जाड होते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. जाड-पातळ हे शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतात, पण असा विचार कधी केला नव्हता. इथं मराठी शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. घट्ट हे उत्तर खरंच चूक आहे का? आणि चूक नसेल तर पोरीला काय समजावून सांगू?

---

विजापूर_वेस

दादा, सरळ शाळेत जाऊन गुण वाढवून घ्या. आमच्या पोराच्या वेळी बेरजेत चूक होती, आम्ही दाखवली, लगेच दुरुस्त केली.

आणि कुणाकडे विरुद्धार्थी शब्दांची मोठी यादी असेल तर इथं टाका. धाकट्याची शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे, त्याला पाठ करायला देतो.

---

गणितसर

मी गणिताचा शिक्षक आहे, पण शाळेत मराठीचे तासही घेतले आहेत. माझं मत स्पष्ट आहे. एका शब्दाचा मूळ अर्थ एक आणि त्याचा विरुद्धार्थीही एक. पातळचा मूळ अर्थ जाडीशी जोडलेला आहे म्हणून त्याच्या उलट जाड. आमटी पातळ म्हणणं हा त्या अर्थाचा पुढं निघालेला फाटा आहे. परीक्षेत मूळ अर्थ धरतात. बाईंचं बरोबर आहे.

ज्यांना खात्रीच्या जोड्या हव्या आहेत त्यांनी "अ" लावून होणाऱ्या शब्दांकडे पाहावं. न्याय–अन्याय, ज्ञान–अज्ञान, शक्य–अशक्य. तिथं वादाला जागाच नाही.

---

निवृत्त_मराठी

टॉवेलवालादादा, तुमच्या मुलीचं उत्तर चूक नाही. आमटीचा प्रश्न विचारून तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. आमच्या मुलांना हे पटवून द्यायला मला आख्खा तास लागायचा.

गणितसर, मूळ अर्थाचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य आहे. शब्दाचा एखादा अर्थ आधीचा आणि एखादा नंतरचा असू शकतो. पण बोलणारा काही इतिहास आठवून बोलत नाही. आज घराघरांत पातळ आमटी, पातळ ताक, पातळ दूध हे सगळे सरळ, साधे वापर आहेत. चौथीतल्या मुलीला पातळ हा शब्द कापडाआधी ताटातच भेटतो. तिच्यासाठी कुठला अर्थ मूळ?

मी वर्गात एक सोपी गोष्ट करून घ्यायची. एका शब्दावरून त्याच्या उलट शब्दावर जायचं, तिथून पुन्हा त्याच्या उलट शब्दावर, आणि आपण घरी परत येतो का ते पाहायचं. जोडी पक्की असेल तर दुसऱ्या पावलाला परत यायलाच हवं. आता जाडपासून निघा. जाड कापडाच्या उलट पातळ कापड. पण पातळ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढं आमटी आली, तर तो घट्टवर जातो. घट्ट म्हटल्यावर कुणाला चप्पल आठवली, तर सैलवर. जाडपासून निघालो आणि सैलवर पोचलो. प्रत्येक पाऊल खरं आहे, कुठंही चूक नाही, तरी घर सापडत नाही.

कारण साधं आहे. उलटपणा नुसत्या शब्दात नसतो, तो ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिच्यासकट असतो. "पातळ"ला विरुद्धार्थी नाही. "पातळ कापड"ला आहे, "पातळ आमटी"ला आहे, आणि ते दोन वेगळे आहेत. रिकाम्या जागेच्या प्रश्नात ती वस्तूच काढून टाकलेली असते. मग मूल आपल्या मनानं एखादी वस्तू तिथं ठेवतं. बाईंच्या मनात कापड होतं, मुलीच्या मनात आमटी. दोघींचं बरोबर आहे.

आणखी एक पाहा. कणीक घट्ट भिजवली की तिच्या उलट काय? पातळ नाही. "कणीक सैल झाली" असं म्हणतो. पातळ झाली म्हटलं तर ती मळण्यापलीकडे गेली, आता धिरडीच घालायची. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओट्यावर घट्टच्या समोर दोन वेगळे शब्द उभे आहेत.

---

भुसारवाला

नमस्कार. आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे, तिसरी पिढी. मला व्याकरण येत नाही, पण हा धागा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगतो. चुकत असेल तर दुरुस्त करा.

गिऱ्हाईक पोहे मागतं तेव्हा विचारतो, जाड का पातळ? रवा मागतं तेव्हा विचारतो, जाड का बारीक? तांदूळही जाडा का बारीक. मीठ बारीक का जाड. शेव जाड का बारीक. इतक्या वर्षांत "पातळ रवा द्या" असं कुणी म्हटलं नाही, आणि "बारीक पोहे" म्हटलं तर मी थांबून विचारणार, बाई, पातळ म्हणायचंय का? म्हणजे जाड दोन्हीकडे तोच, पण त्याच्या उलट शब्द दोन.

दुकानात आज एकेक डबा उघडून पाहिला. चपट्या वस्तूला पातळ लागतं. पोहे चपटे, पापड चपटा, खाकरा चपटा. दाणा असेल किंवा लांब दोरीसारखं असेल तर बारीक. रवा, मीठ, तांदूळ हे दाणे. शेव, शेवया ह्या दोऱ्या. माझ्या दुकानापुरता हा हिशेब एकदाही चुकला नाही.

आता आमच्या घरची भाकरी घ्या. ज्वारीचं पीठ बारीक दळून आणायचं आणि भाकरी पातळ थापायची, तरच ती कडक होते. पीठ पातळ नाही आणि भाकरी बारीक नाही. आमच्या आईनं हे शब्द कधी शाळेत शिकलेले नाहीत, पण ह्यात तिची गल्लत होणं शक्यच नाही.

---

टॉवेलवाला_सोलापूर

भुसारवाला, तुमचं वाचून मी उठून उभाच राहिलो. आमच्या कारखान्यात हेच आहे! सूत जाड असतं किंवा बारीक असतं. त्याच सुताचं कापड झालं की ते जाड असतं किंवा पातळ असतं. पातळ सूत असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. सूत म्हणजे दोरी, कापड म्हणजे चपटं. तुमचा हिशेब बरोबर लागला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुताला नंबर असतो, त्याला काउंट म्हणतात. 840 यार्डाची एक लडी धरतात, आणि एका पौंडात अशा किती लड्या बसतात तो त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर जसा वाढतो तसं सूत बारीक होतं. 10 नंबरचं सूत जाड, 40 नंबरचं बारीक. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात हमखास उलटं समजतो, त्याला वाटतं मोठा नंबर म्हणजे जाड सूत.

आणि आणखी एक आहे. जाड सूत घेतलं म्हणजे कापड जाडच होईल असं नाही. वीण विरळ ठेवली तर जाड सुताचंही जाळीसारखं कापड निघतं. वीण दाट असते नाहीतर विरळ असते. घट्ट वीण असंही म्हणतात, मग त्याच्या उलट सैल. म्हणजे मागावर उभं राहिलं की एका कापडाबद्दल बोलायला तीन जोड्या लागतात: सुताची जाड–बारीक, कापडाची जाड–पातळ आणि विणीची दाट–विरळ. यातल्या एकीच्या जागी दुसरी वापरली तर माल परत येतो. ऑर्डर घेताना एकानं "पातळ पाहिजे" एवढंच लिहून घेतलं होतं. गिऱ्हाइकाला हवा होता बारीक सुताचा, पण दाट विणीचा टॉवेल. आम्ही दिला विरळ विणीचा. अख्खा लॉट परत घ्यावा लागला. तेव्हापासून मी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारून घेतो.

पोरीला हे सगळं कारखान्यात नेऊन दाखवणार आहे.

---

चौथीच्या_बाई

मी तुमच्या मुलीच्या शाळेतली नाही, पण मीही चौथीला शिकवते, म्हणून त्या बाईंच्या बाजूनं थोडं सांगते.

उत्तर तपासताना पुढं वह्यांचा ढीग असतो. सोबत उत्तरसूची असते आणि तीत एक शब्द असतो. मी "घट्ट"ला गुण दिला की शेजारच्या तुकडीत तो मिळत नाही, मग पालक विचारायला येतात. म्हणून बऱ्याच जणी पुस्तकात आलेली जोडी हीच धरतात. त्यात मुलीला कमी लेखण्याचा हेतू नसतो. तरीही निवृत्त_मराठी यांचं म्हणणं मला पटतं. गेल्या वर्षापासून मी माझ्यापुरता प्रश्न बदललाय. नुसता शब्द देत नाही, वाक्य देते: "आजीने पातळ गोधडी पांघरली." आणि अधोरेखित शब्दाच्या उलट शब्द घालून वाक्य पुन्हा लिहायला सांगते. तपासायला वेळ जास्त लागतो, पण वाद राहत नाही. एका मुलानं "आजीने घट्ट गोधडी पांघरली" लिहिलं. ते वाचून त्याला स्वतःलाच खटकलं आणि मला वही देण्याआधी त्यानं खोडलं. रिकाम्या जागेत त्याला ते कधीच खटकलं नसतं.

समानार्थी शब्दांत तर मला जास्त त्रास होतो. पाण्याला जल, नीर, सलिल, उदक, जीवन असे शब्द मुलं घडाघडा म्हणतात. मग निबंधात एक मूल लिहितं, "मी घरी आल्यावर आईने मला सलिल दिले." मूल बिचारं प्रामाणिक असतं. आपणच त्याला सांगितलेलं असतं की दोन्हींचा अर्थ एक. मी त्याला कसं सांगू की अर्थ एक आहे, पण इथं हा शब्द चालत नाही?

आपल्या गावात तर हे रोज दिसतं. वर्तमानपत्रात येतं, "उजनीची जलवाहिनी फुटली." आणि गल्लीत आपण विचारतो, "पाणी आलं का?" जल आलं का, असं कुणी विचारत नाही.

---

पूर्वभाग_अम्मा

आम्ही घरी तेलुगू बोलतो, मुलं मराठी शाळेत. आमच्या सासऱ्यांचा हातमाग होता. मला नेहमी वाटायचं की आमच्या मुलांना मराठी शब्द उलटसुलट होतात ते घरच्या भाषेमुळं. म्हणून हा धागा वाचून मी आमच्याकडचे शब्द आठवून पाहिले.

ताक पातळ असेल तर आम्ही "पलचटी मज्जिग" म्हणतो आणि दाट असेल तर "चिक्कटी". पातळ कापडालाही पलच चालतं, पण जाड कापडाला चिक्कटी चालत नाही, तिथं "मंदम" येतं. आणि बारीक तांदूळ म्हणजे "सन्न बियम", जाडा म्हणजे "दोड्डु बियम". सन्न हा शब्द ताकाला लावतच नाहीत.

म्हणजे तुमच्याकडं जशी वाटणी आहे तशीच आमच्याकडं आहे. मग मुलांची चूक घरच्या भाषेमुळं नाही ना? घरी त्यांना बरोबरच येत असतं. वहीत एकटा शब्द आला की घोटाळा होतो. मला तर बरं वाटलं. एवढी वर्षं मी उगीच तेलुगूला दोष देत होते.

---

निवृत्त_मराठी

पूर्वभाग_अम्मा, फार मोलाचं लिहिलंत. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि कापड, ताक, तांदूळ यांची वाटणी जवळजवळ सारखी करतात. इथल्या मागांवर दोन्ही भाषा एकत्र राबल्या आहेत, तेव्हा ही देवाणघेवाण आहे की हाताला आणि जिभेला जाणवणारा फरकच तसा आहे, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तुमच्या मुलांचा यात काही दोष नाही हे नक्की.

गणितसर, "अ"बद्दल राहून गेलं. न्याय–अन्याय ठीक. पण मूल्य–अमूल्य घ्या. अमूल्य म्हणजे किंमत नसलेलं? उलट, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. टाकाऊ वस्तूला कुणी अमूल्य म्हणणार नाही. अपूर्व म्हणजे पूर्वच्या उलट नाही, पूर्वी कधी न झालेलं. आणि सुर–असुर ही जोडी तर मुळातच उलटी तयार झाली आहे. असुर हा शब्द आधीचा. पुढं लोकांना त्यातला अ हा "नाही"चा वाटला, म्हणून तो काढून सुर हा शब्द निघाला. एखाद्यानं खांब पाहून त्याला जुळी भिंत बांधावी तसं. तेव्हा अ दिसला की डोळे मिटून विरुद्धार्थी म्हणता येत नाही, शब्द वाक्यात कसा चालतो ते पाहावंच लागतं.

---

गणितसर

असुरचं मला माहीत नव्हतं. अमूल्यचंही मान्य करतो, हा शब्द मी स्वतः वर्गात वापरतो पण कधी थांबून पाहिला नाही.

मात्र एक विचारतो. मग पक्की जोडी जगात नाहीच का? आमच्याकडं सम आणि विषम आहेत. कुठलीही पूर्ण संख्या घ्या, ती सम असेल नाहीतर विषम असेल. तिसरी जागा नाही. तुमचं जाण्या-येण्याचं माप लावलं तरी समवरून विषम आणि विषमवरून पुन्हा सम. घर सापडतं.

---

निवृत्त_मराठी

हो, ही पक्की जोडी आहे, आणि का पक्की आहे ते तुम्हीच सांगितलंत: "कुठलीही पूर्ण संख्या घ्या." तुम्ही वस्तू ठरवून दिलीत. आणि तिथं मधली जागा नाही. साडेतीनला हा प्रश्न विचारलात तर ते सम नाही आणि विषमही नाही. आणि विषम वाटणी किंवा समाजातली विषमता म्हटली की समच्या जागी समान, समता असे शब्द येऊ लागतात. म्हणजे जोडी तुमच्या अंगणात घट्ट आहे, अंगण सोडलं की तिलाही सैलपणा येतो.

जाड–पातळमध्ये मधली जागा मोठी आहे. भुसारवाल्यांच्या दुकानात मध्यम पोहेही असतील. जे जाड नाही ते पातळच असलं पाहिजे असं नाही. सम–विषममध्ये एक नाही म्हटलं की दुसरं आलंच. दोन्ही जोड्यांमध्ये आपण तीच एक फुली मारतो, × अशी, पण तिचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा आहे. मुलांना एवढं कळलं तरी पुरे.

---

भुसारवाला

मध्यम पोहे असतात की. आणि अगदी पातळ असतील तर त्याला नायलॉन पोहे म्हणतात.

---

बातमीदार_रात्रपाळी

मी छापील बातम्यांची मुद्रितं तपासतो. बाईंनी समानार्थीचा जो प्रश्न मांडलाय तो आमच्या टेबलावर रोज येतो, म्हणून त्यावर लिहितो.

नवीन मुलं एक शब्द दोनदा आला की घाबरतात आणि दुसऱ्या जागी समानार्थी ठोकून देतात. शाळेची सवय. परवा एकानं "शेवट" टाळायला जागोजाग "अखेर" आणि "अंत" घातलं होतं. शाळेच्या यादीत हे तिन्ही एका ओळीत असतात. पण पाहा. "मार्चअखेर कर भरा" हे बरोबर, मार्चशेवट असं कुणी लिहीत नाही. "शेवटचा बाक" बरोबर, "अखेरचा बाक" वाचून वाटतं की बाक आता मोडणार आहे. "माझा अंत पाहू नकोस" यात आई मुलाला चिडून बोलते आहे, "माझा शेवट पाहू नकोस" म्हटलं तर ती भलतीच गोष्ट होते. "रांगेत तो शेवटी उभा होता" यात नुसती जागा कळते. "अखेर तो आला" यात कुणीतरी बराच वेळ वाट पाहिलेली आहे.

आणि उलट शब्द लावून पाहिले की हे तिघं आणखी लांब जातात. शेवटच्या उलट सुरुवात. अंतच्या उलट आरंभ किंवा आदी. अखेरच्या उलट काय? मला अजून सापडलं नाही. "मार्चअखेर"च्या उलट आपण "मार्चच्या सुरुवातीला" म्हणतो, म्हणजे शेवटचाच उलट शब्द उसना घेतो. तिघं खरोखर एक असते तर तिघांना उलट शब्दही एकच मिळाला असता.

अखेर हा अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेला, सरकारी हिशेबाच्या कागदांतून रुळलेला, म्हणून तो महिना, वर्ष, मुदत यांच्याजवळ जास्त राहतो, असं मला वाटतं. अंत संस्कृतातला, म्हणून अंत्यसंस्कार, अंतिम सामना. आणि शेवट हा आपला घरातला.

---

चौथीच्या_बाई

उलट शब्द लावून पाहण्याची कल्पना मी उद्याच वर्गात वापरते. पण सलिलचं मला अजून कोडंच आहे. सलिलला तर उलट शब्दही नाही, पाण्यालाही नाही. तिथं कसं तपासायचं?

---

निवृत्त_मराठी

तिथं शेजारी पाहायचे, बाई. कुठला शब्द कुणाजवळ बसतो ते. पाण्याची ती लांब यादी रोजच्या बोलण्यातून आलेली नाहीच. संस्कृतातल्या अमरकोशात पाण्याची नावं श्लोकात गुंफलेली आहेत. जल, सलिल, जीवन ही तिथं आहेत. त्याच श्लोकात "कमल" आणि "वन" हीसुद्धा पाण्याची नावं म्हणून आली आहेत. हा कोश पाठ करणाऱ्याला वृत्तात बसेल असा शब्द हाताशी लागायचा. कधी दोन मात्रांचा, कधी चार मात्रांचा. त्यासाठी ती यादी फार कामाची होती. आपण त्यातला एक तुकडा उचलून चौथीच्या मुलासमोर ठेवला आणि पाणी पिण्याचा निबंध लिहायला सांगितला. यादी चूक नाही, तिची जागा चुकली.

मुलाला एवढंच करायला सांगा. नवा शब्द आला की त्याच्याबरोबर राहणारा एक शब्द शोधायचा. गंगाजल, जलवाहिनी. पाणीपट्टी, पाणीपुरी. उदक सोडणे. ज्याला शेजारी सापडला नाही तो शब्द कवितेत भेटेपर्यंत थांबू दे. आणि "त्याच्या तोंडचं पाणी पळालं" इथं जल घालून वाचायला सांगा, वर्ग स्वतःच सांगेल.

---

विजापूर_वेस

माफ करा, पहिल्यांदा मी नीट न वाचताच उत्तर दिलं होतं. आता सगळं वाचलं. पण अडचण तशीच आहे. शिष्यवृत्तीत चार पर्याय असतात आणि गोल एकच काळा करायचा असतो. तिथं पोरगा "कुठली वस्तू" असं विचारायला कुणाकडं जाणार? पर्यायात जाड आणि घट्ट दोन्ही आले तर?

---

गणितसर

पेपर काढणारा शहाणा असेल तर दोन्ही एकत्र ठेवणार नाही. ठेवलेच तर त्या वेळी तरी पुस्तकात आलेली जोडी धरायला सांगा. आदर्श उत्तर नाही हे, पण परीक्षेच्या दिवशी मुलाला वाद घालायला लावू नये असं माझं मत आहे.

---

निवृत्त_मराठी

इथं मी सरांशी सहमत नाही, पण माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तरही नाही. असा प्रश्न आला तर निकालानंतर आक्षेप नोंदवावा असं वाटतं. तोवर मुलाचा गुण गेलेला असतो, हेही खरं.

---

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पोरीला कारखान्यात नेलं. सूत हातात दिलं, कापड हातात दिलं. भुसारवाल्यांचा हिशेबही सांगितला: चपट्याला पातळ, दाण्याला नि दोरीला बारीक, ओल्याला पातळ पण समोर घट्ट. तिनं वहीच्या मागच्या पानावर वस्तू लिहायला घेतल्या. कागद, ओठ, पापड एका बाजूला. शेव, सुई, कंबर दुसऱ्या बाजूला. ताक, वरण तिसऱ्या बाजूला.

मग एका ठिकाणी अडली. तिची आजी म्हणते, "माझे केस फार पातळ झाले गं." केस तर दोरीसारखा, मग तो बारीक व्हायला हवा. आजी पातळ का म्हणते? मलाही सांगता आलं नाही.

---

पूर्वभाग_अम्मा

आमच्याकडं केसांनाही पलचच म्हणतात! ताकासारखं.

---

भुसारवाला

माझा हिशेब दुकानापुरताच होता, हे मी आधीच कबूल केलं होतं. पण आजी एका केसाबद्दल बोलत नाही ना? सगळे मिळून जे असतात त्याबद्दल बोलते. वेणी हातात घेतली की पूर्वी भरायची, आता भरत नाही. एक केस उपटून दाखवला तर आजीही त्याला बारीकच म्हणेल. विचारून पाहा.

---

टॉवेलवाला_सोलापूर

विचारलं. एक केस दाखवून विचारलं तर आजी म्हणाली, "बारीक आहे." सगळ्या केसांना म्हणाली, "पातळ झाले, पूर्वी चांगले दाट होते." म्हणजे दुधासारखं, दाट आणि पातळ. पोरीनं केस दोनदा लिहिले, एकदा शेवेच्या खाली आणि एकदा ताकाच्या खाली. आता तिनं विचारलंय की दूध दाट आणि दही घट्ट, मग दही दाट का नाही. तिची आजी दोन्ही म्हणते, तिची आई फक्त घट्ट म्हणते. तुमच्याकडं काय म्हणतात?